सहा इन्स्ट्रक्शन, बारा सायकल: एका पाइपलाइन आकृतीची उलटतपासणी

दुसऱ्या वर्षाच्या संगणक रचनेच्या तासाला मी दरवर्षी एक छोटा प्रश्न देतो. पाच टप्प्यांची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक इन्स्ट्रक्शन पाच टप्प्यांतून जाते आणि एक संपण्याआधीच मागची सुरू होते; सहा इन्स्ट्रक्शन, एकूण किती सायकल लागतील ते आकृती काढून सांगा. या वर्षी वर्गातून चार उत्तरं आली: १०, ११, १२ आणि १६. यातली १० आणि १६ ही उत्तरं का आली हे लगेच कळतं. १२ बरोबर आहे. मला अडकवलं ते ११ ने. कारण ज्या मुलीनं ते काढलं होतं तिची आकृती नीटनेटकी होती, तिनं स्टॉल, म्हणजे इन्स्ट्रक्शनला एक सायकल थांबावं लागणं, तीन ठिकाणी दाखवले होते, प्रत्येक स्टॉलचं कारण शेजारी लिहिलं होतं आणि तरी उत्तर चुकलं होतं. हे प्रकरण त्या ११ चं आहे.

प्रश्नातला कोड असा. एका वस्तूची किंमत, तिच्यावरचा कर आणि सूट मेमरीत एकापुढे एक ठेवलेली आहेत. किंमत आणि कर मिळवायचा, सूट वजा करायची, आलेली रक्कम चौथ्या जागी लिहायची. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या भाषेत, जिथे lw मेमरीतलं मूल्य रजिस्टरात आणते, sw रजिस्टरातलं मेमरीत लिहिते आणि a0 मध्ये पहिल्या जागेचा पत्ता आहे:

```
1: lw   t0, 0(a0)
2: lw   t1, 4(a0)
3: add  t2, t0, t1
4: lw   t3, 8(a0)
5: sub  t4, t2, t3
6: sw   t4, 12(a0)
```

प्रोसेसर साधा, म्हणजे इन्स्ट्रक्शन ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं पुढे जाणारा. त्याचे पाच टप्पे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. F मध्ये इन्स्ट्रक्शन मेमरीतून आणली जाते. D मध्ये ती उलगडली जाते आणि तिला लागणारी रजिस्टरं वाचली जातात. E मध्ये बेरीज-वजाबाकी होते, किंवा lw, sw असेल तर पत्ता काढला जातो. M मध्ये डेटा मेमरीशी व्यवहार होतो आणि W मध्ये निकाल रजिस्टरात लिहिला जातो. add ला M मध्ये काहीच काम नसतं, sw ला W मध्ये काही काम नसतं, तरी दोघीही त्या टप्प्यांतून जातात. नाहीतर मागचीची आणि पुढचीची गाठ एकाच टप्प्यात पडेल.

प्रत्येक टप्प्याला एक सायकल. पहिली इन्स्ट्रक्शन पाचव्या सायकलला बाहेर पडते, त्यानंतर दर सायकलला एक. म्हणून काहीच अडथळा नसेल तर ५ + ५ = १० सायकल. ज्यांनी १० लिहिलं त्यांनी कोड न वाचता फक्त ओळी मोजल्या.

अडथळा येतो तो असा. तिसऱ्या ओळीतल्या add ला t1 हवा आहे आणि तो दुसऱ्या ओळीतली lw आणते आहे. add चौथ्या सायकलला D मध्ये रजिस्टर वाचायला येते, तेव्हा lw फक्त E मध्ये आहे, अजून पत्ताच काढते आहे. t1 मध्ये त्या क्षणी जे असेल ते मागच्या कुठल्या तरी कामाचं शिळं मूल्य असतं. add ते वाचून पुढे गेली तर रक्कम चुकेल, आणि कुठे चुकली हे कुणाला कळणारही नाही. हा डेटा हॅझर्ड. या पाच टप्प्यांच्या रचनेत डेटा हॅझर्डचा हा एकच प्रकार त्रास देतो: आधीचीनं लिहिण्यापूर्वी नंतरचीनं वाचणं. सगळ्या इन्स्ट्रक्शन शेवटच्याच टप्प्यात आणि क्रमानंच लिहितात, त्यामुळे लिहिण्याची लिहिण्याशी टक्कर होत नाही.

आता १६ कुठून आले ते पाहू. समजा t1 रजिस्टरात लिहिला जाईपर्यंत add ला थांबवलं. रजिस्टरांचा संच सहसा असा बांधतात की सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहायचं, दुसऱ्या अर्ध्यात वाचायचं. म्हणजे lw ज्या सायकलला W मध्ये असेल त्याच सायकलला add D मध्ये असली तरी चालतं. तरीही प्रत्येक लागोपाठच्या अवलंबनाला दोन सायकल वाया जातात. इथे तशी तीन अवलंबनं आहेत: t1 साठी add, t3 साठी sub, t4 साठी sw. तीन दुणे सहा, १० + ६ = १६. गणित बरोबर आहे, फक्त प्रश्नात ‘फॉरवर्डिंग आहे’ असं लिहिलं होतं आणि ते वाचायचं राहिलं.

फॉरवर्डिंग म्हणजे निकाल रजिस्टरात पोचायची वाट न पाहता तो तयार झाल्याबरोबर वायरनं थेट E च्या तोंडाशी आणणं. sub चं उत्तर तिच्या E च्या शेवटीच तयार असतं. ते रजिस्टरात जायला अजून दोन सायकल आहेत, पण मागोमाग येणाऱ्या sw ला ते पुढच्याच सायकलला E मध्ये देता येतं. म्हणून t4 साठी एकही सायकल वाया जात नाही.

lw चं मात्र तसं नाही. तिचं मूल्य E मध्ये तयार होत नाही, M च्या शेवटी होतं. दुसरी lw पाचव्या सायकलला M मध्ये आहे, आणि add ला अडवलं नाही तर तीही पाचव्याच सायकलला E मध्ये असेल. तिला मूल्य सायकलच्या सुरुवातीला हवं, ते हाती येतं सायकलच्या शेवटी. दरवर्षी दोन-तीन जण या दोन चौकोनांत एक बाण काढून मोकळे होतात. बाण उभा, म्हणजे एकाच स्तंभात खालच्या ओळीकडे गेला की समजावं, कुणीतरी काळाच्या मागे वायर टाकली आहे. फॉरवर्डिंगचा बाण नेहमी डावीकडून उजवीकडच्या स्तंभात जायला हवा. इथे एक सायकल थांबण्याला पर्याय नाही.

म्हणून बरोबर आकृती ही:

```
       1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12
1 lw   F  D  E  M  W
2 lw      F  D  E  M  W
3 add        F  D  D  E  M  W
4 lw            F  F  D  E  M  W
5 sub                 F  D  D  E  M  W
6 sw                     F  F  D  E  M  W
```

आता ती ११ वाली आकृती. तिनं काढलं होतं ते असं:

```
       1  2  3  4  5  6  7  8  9 10 11
1 lw   F  D  E  M  W
2 lw      F  D  E  M  W
3 add        F  D  D  E  M  W
4 lw            F  D  E  M  W
5 sub              F  D  D  E  M  W
6 sw                  F  D  D  E  M  W
```

पहिल्या तीन ओळी तंतोतंत बरोबर आहेत. add पाचव्या सायकलला D मध्येच थांबली, सहाव्याला E मध्ये गेली. चूक चौथ्या ओळीत आहे. तिचं म्हणणं होतं, “सर, चौथ्या lw ला फक्त a0 लागतो. a0 केव्हाचा तयार आहे. मग ती कशाला थांबेल?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्या lw ला खरोखरच कुणाची वाट पाहायची नाही. पण पाचव्या सायकलला D मध्ये जागा कुठे आहे? तिथे add उभी आहे. D टप्पा एकच, त्याच्या पुढ्यातलं रजिस्टर एकच, त्यात एका वेळी एकच इन्स्ट्रक्शन मावते. घाटातल्या एकेरी रस्त्यावर पुढचा ट्रक थांबला की मागच्या गाडीला काही झालेलं नसतं, तरी ती थांबते. क्रमानं चालणाऱ्या पाइपलाइनमध्ये ओव्हरटेक नाही. (ओव्हरटेक करू देणारे प्रोसेसर असतात, तुमच्या फोनमधल्या मोठ्या कोअर तशाच आहेत. पण त्यासाठी लागणारी यंत्रणा या पाच टप्प्यांच्या कितीतरी पट मोठी.)

तिची आकृती ओळी-ओळीनं वाचली तर चूक दिसत नाही. प्रत्येक ओळीची गोष्ट आपापल्या जागी पटते. स्तंभ वाचले की लगेच दिसते. पाचव्या स्तंभात दोन D. सहाव्यात दोन E, म्हणजे बेरीज करणारं एकच सर्किट त्याच क्षणी add साठी बेरीज करतंय आणि lw साठी पत्ताही काढतंय. सातव्यात दोन M, शिवाय दोन D. आठव्यात दोन W. मी तिला एवढंच सांगितलं की प्रत्येक स्तंभात प्रत्येक अक्षर जास्तीत जास्त एकदाच येऊ शकतं, आता तूच तपास. तिनं पेन्सिलनं सहा ठिकाणी गोल केले… खरं तर पाचच, पण एक तिनं दोनदा केला.

या आकृतीत आणखी एक साक्षीदार होता, तो तिनं स्वतःच लिहून ठेवला होता. तिनं तीन स्टॉल दाखवले होते. अडथळा नसताना १० सायकल लागतात, तर तीन सायकल वाया गेल्यावर १३ व्हायला हव्यात, ११ कशा होतील? एकेरी पाइपलाइनमध्ये प्रत्येक स्टॉल शेवटच्या इन्स्ट्रक्शनपर्यंत पोचतोच, तो मध्ये कुठे विरघळत नाही. त्यामुळे एकूण सायकल म्हणजे बिनअडथळ्याच्या सायकल अधिक स्टॉल, ही बेरीज जुळलीच पाहिजे. बरोबर आकृतीत १० + २ = १२ जुळते. १६ मध्येही १० + ६ जुळत होती, म्हणून ते उत्तर आतून सुसंगत होतं, फक्त दुसऱ्या प्रोसेसरचं होतं.

तिसरा स्टॉल तिच्या आकृतीत आला कसा, हेही बघण्यासारखं आहे. sw ला तिनं सातव्या सायकलला D मध्ये टाकलं, कारण मागची गाडी थांबत नाही हाच तिचा समज. तिथे sub आधीच थांबलेली होती. मग आठव्या सायकलला sub आणि sw दोघी E मध्ये जायला लागल्या, t4 तयार नव्हता, म्हणून तिनं sw ला आणखी एक स्टॉल लावला आणि कारण लिहिलं ‘t4 साठी’. खरं तर t4 साठी स्टॉल लागतच नाही. आधीच्या चुकीनं तिला एक खोटा हॅझर्ड दाखवला आणि तिनं तो प्रामाणिकपणे सोडवला.

बबल म्हणजे काय, हे ओळींच्या आकृतीत नीट दिसत नाही. ओळीत फक्त D दोनदा लिहिलेला दिसतो. म्हणून मी तिला तीच आकृती उलटी काढायला लावली: डावीकडे इन्स्ट्रक्शनऐवजी टप्पे, आणि चौकोनात त्या सायकलला तिथे असलेल्या इन्स्ट्रक्शनचा क्रमांक. रिकाम्या जागी o.

```
     1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12
F    1  2  3  4  4  5  6  6
D       1  2  3  3  4  5  5  6
E          1  2  o  3  4  o  5  6
M             1  2  o  3  4  o  5  6
W                1  2  o  3  4  o  5  6
```

आता दिसतं. पाचव्या सायकलला add D मध्ये अडली, पण तिच्या पुढची lw तर M मध्ये निघून गेली. मग E मध्ये कोण? कुणीच नाही. तो रिकामा चौकोन सहाव्या सायकलला M मध्ये, सातव्याला W मध्ये सरकतो आणि बाहेर पडतो. हा बबल. स्टॉल ही मागच्यांची गोष्ट आहे, F आणि D मध्ये अडकलेल्यांची. बबल ही पुढच्या टप्प्यांची गोष्ट आहे. एकाच घटनेच्या या दोन बाजू, आणि मुलं बऱ्याचदा दोन्ही वेगवेगळ्या मोजून दुप्पट सायकल लावतात.

हार्डवेअरमध्ये हे घडवणारं सर्किट अगदी लहान असतं. D मध्ये बसलेलं हॅझर्ड ओळखणारं युनिट एकच गोष्ट विचारतं: माझ्या पुढे E मध्ये असलेली इन्स्ट्रक्शन lw आहे का, आणि ती ज्या रजिस्टरात लिहिणार आहे ते मला वाचायचं आहे का? खाली IF_ID म्हणजे F आणि D मधलं रजिस्टर, ID_EX म्हणजे D आणि E मधलं; rd हे लिहायचं रजिस्टर, rs1 आणि rs2 ही वाचायची.

```
if (ID_EX.MemRead && ID_EX.rd != 0 &&
    (ID_EX.rd == IF_ID.rs1 || ID_EX.rd == IF_ID.rs2))
    stall();
```

उत्तर हो आलं की तीन गोष्टी होतात. प्रोग्रॅम काउंटर पुढे सरकत नाही, म्हणून F मध्ये तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा आणली जाते. F आणि D मधलं रजिस्टर गोठवलं जातं, म्हणून add तिथेच राहते. आणि E कडे जाणारे नियंत्रणाचे सगळे सिग्नल शून्य केले जातात. शून्य म्हणजे रजिस्टर लिहू नकोस, मेमरीला हात लावू नकोस. बबल म्हणून वेगळी वस्तू नसते, काहीही न करण्याचा हुकूम घेऊन पुढे जाणारा तो एक रिकामा चौकोन. पुढच्या सायकलला E मध्ये lw उरलेली नसते, बबल असतो, त्यामुळे अट आपोआप खोटी ठरते आणि add सुटते. थांबलेल्याला सोडा असं वेगळं कुणी सांगावं लागत नाही.

हे युनिट थोडं घाबरटही असतं. रिस्क-फाइव्हमध्ये lui सारख्या इन्स्ट्रक्शनला वाचायची रजिस्टरं नसतातच, पण rs1 च्या जागी तिच्या आकड्याचेच बिट असतात. ते योगायोगानं t1 च्या क्रमांकासारखे दिसले तर वरची अट विनाकारण खरी ठरते. उत्तर चुकत नाही, एक सायकल फुकट जाते. डिकोडरकडून ‘ही इन्स्ट्रक्शन rs1 खरंच वाचते का’ हा एक बिट घेतला की हे टळतं.

मग हे दोन बबल घालवता येतात का? इथे ती अकरा वाली मुलगी पुन्हा आठवते. चौथ्या lw ला कुणाची वाट पाहायची नाही, हे तिचं निरीक्षण खरंच होतं. प्रोसेसरला त्याचा उपयोग करता येत नाही, पण कंपायलरला येतो. तो तिला आधीच वर आणून ठेवतो:

```
          1  2  3  4  5  6  7  8  9 10
lw  t0    F  D  E  M  W
lw  t1       F  D  E  M  W
lw  t3          F  D  E  M  W
add t2             F  D  E  M  W
sub t4                F  D  E  M  W
sw  t4                   F  D  E  M  W
```

एकच ओळ हलवली आणि दोन्ही बबल गेले. कारण ती lw दोन ठिकाणी एकदम कामाला येते: t1 आणणारी lw आणि add यांच्यात ती स्वतः बसते, आणि ती व तिचा t3 वापरणारी sub यांच्यात add बसते. सातव्या सायकलला sub E मध्ये येते तेव्हा तिची दोन्ही मूल्यं फॉरवर्डिंगनंच येतात, t2 एक टप्पा पुढे असलेल्या add कडून आणि t3 दोन टप्पे पुढे असलेल्या lw कडून. हे सहा इन्स्ट्रक्शन पुन्हा पुन्हा एकामागून एक चालवले तर दर गटाला मूळ क्रमात ८ सायकल, नव्या क्रमात ६. कंपायलरनं हे केलंय का हे पाहायचं असेल तर `objdump -d` नं निघालेला क्रम बघावा. lw आणि तिचं मूल्य वापरणारी ओळ लागोपाठ आली असेल तर बबल आहे.

हलवणं दर वेळी जमत नाही. समजा add नंतर लगेच `sw t2, 0(a2)` असती. आता सूट वाचणारी lw तिच्यावर न्यायची म्हणजे a2 आणि a0 + 8 या जागा वेगळ्या आहेत याची खात्री हवी. माणसाला बिलाचा हिशेब पाहून ती असते, कंपायलरला दोन पॉइंटरांकडे पाहून नसते. तो चूक करण्यापेक्षा बबल पत्करतो. सी भाषेतला `restrict` हा शब्द अशाच ठिकाणी कंपायलरला ती खात्री देतो.

स्टॅनफर्डमध्ये १९८१ मध्ये सुरू झालेल्या मिप्स प्रकल्पानं तर हे काम पूर्णच सॉफ्टवेअरवर टाकलं होतं. मिप्स या नावाचाच एक अर्थ ‘इंटरलॉक्ड पाइपलाइन स्टेजेस’, म्हणजे गरज पडली की स्वतःहून थांबवणारे टप्पे, नसलेला मायक्रोप्रोसेसर असा. त्यातून बाजारात आलेल्या आर२००० मध्ये lw च्या लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शननं ते रजिस्टर वाचायचंच नाही असा नियम होता. असेंब्लरला भरायला उपयोगी काही सापडलं नाही तर तो तिथे nop ही काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन घालायचा. बबल होताच, फक्त तो प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असायचा आणि मेमरीत जागा खायचा. पुढच्या पिढ्यांत lw नंतर थांबवणारं सर्किट हार्डवेअरमध्ये आलंच.

त्यातलाच १९९१ चा आर४००० आठ टप्प्यांचा होता. मेमरी वाचण्याचं काम एका टप्प्यात न मावता जास्त टप्प्यांत पसरलं आणि lw चं मूल्य लगेच हवं असेल तर एकाऐवजी दोन सायकल थांबावं लागू लागलं. तास संपताना त्याच मुलीनं विचारलं की मग आपला नवा क्रम तिथे बिनबबलचा राहतो का. फळ्यावर मोजलं. मूळ क्रमात दोन्ही lw मागे दोन-दोन, असे चार बबल. नव्या क्रमात t1 आणि add यांच्यात एकच ओळ आहे आणि लागतात दोन, म्हणून एक बबल. त्या एका सायकलनं add मागे सरकते, तेवढ्यात t3 तयार होतो आणि sub ला थांबावं लागत नाही. चारावरून एकावर. तो एकही घालवायचा तर add च्या आधी ठेवता येईल अशी आणखी एक ओळ हवी, आणि या सहांत ती नाही: sub ला add हवी, sw ला sub हवी.